स्पर्शिका जरा सरकवून बघ

मिनू, तुझी भूमितीची वही काल चाळली. वर्तुळाच्या धड्यात तू तीन सूत्रं लाल चौकटीत लिहून ठेवली आहेस. एक बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकेच्या लांबीचं, दुसरं दोन वर्तुळांना एकाच बाजूने टेकणाऱ्या सामाईक स्पर्शिकेचं, आणि तिसरं दोघांच्या मधून तिरक्या जाणाऱ्या स्पर्शिकेचं. तिसऱ्यासमोर पेन्सिलीने लिहिलंयस, ‘बेरीज की वजाबाकी?’ अगं, हा प्रश्न पडतो कारण तू ही तीन वेगळी सूत्रं समजून पाठ करते आहेस. सूत्र एकच आहे, पहिलं. बाकीची दोन त्याच्याच पोटातून निघतात. ती कशी निघतात ते एकदा नीट बघ, मग लाल चौकटीची गरजच राहणार नाही.

आधी पहिलंच पक्कं करू. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत टेकते. त्या रेषेवरचे बाकीचे सगळे बिंदू वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येपेक्षा लांब. मग रेषेवर केंद्राच्या सगळ्यात जवळचा बिंदू कुठला? स्पर्शबिंदूच. आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर नेहमी लंबावर मोजलं जातं. म्हणून स्पर्शबिंदूत काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. पेपरात तू याला ‘स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय’ असं कारण देतेस, ते कुठून आलं हे असं बघितलं की ध्यानात राहतं.

आता केंद्र, स्पर्शबिंदू आणि बाहेरचा बिंदू जोड. काटकोन स्पर्शबिंदूपाशी आहे, म्हणून कर्ण कुठला? केंद्रापासून बाहेरच्या बिंदूपर्यंतची रेघ. त्रिज्या ५ सेमी आणि बिंदू केंद्रापासून १३ सेमी असेल, तर स्पर्शिका √(१६९ − २५) = √१४४ = १२ सेमी. तू एका ठिकाणी वजाबाकीऐवजी बेरीज करून √१९४, म्हणजे जवळजवळ १३.९ काढलं आहेस. तिथेच थांबायला हवं होतं. कर्ण १३ आणि त्याची एक बाजू १३.९, असा काटकोन त्रिकोण असूच शकत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, तिच्याकडे लक्ष दे. उदाहरणात म्हटलं होतं की बिंदूचं वर्तुळापासूनचं कमीत कमी अंतर ८ सेमी आहे. वर्तुळापासून, केंद्रापासून नव्हे. तू ८ हाच कर्ण धरलास आणि √(६४ − २५) = √३९, म्हणजे साधारण ६.२ सेमी असं उत्तर लिहिलंस. पण बघ ना, वर्तुळावरचा सगळ्यात जवळचा बिंदूच ८ सेमी लांब आहे, मग त्याच वर्तुळावरचा स्पर्शबिंदू ६.२ सेमीवर कसा येईल? आधी ८ मध्ये ५ मिळव, १३ आले, तोच कर्ण. स्पर्शिकेची लांबी नेहमी या दोन अंतरांच्या मध्ये पडते: जवळच्या बिंदूपर्यंतच्या अंतराहून जास्त, केंद्रापर्यंतच्या अंतराहून कमी. इथे ८ आणि १३ यांच्या मध्ये १२. आणखी एक पडताळा हवा असेल तर बाहेरच्या बिंदूतून केंद्रातून जाणारी छेदिका घे. ती वर्तुळाला ८ सेमीवर आणि ८ अधिक पूर्ण व्यास १०, म्हणजे १८ सेमीवर छेदते. ८ × १८ = १४४, स्पर्शिकेचा वर्ग तेवढाच. युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकात हे ३६वं प्रमेय आहे, आणि तुझ्या पुस्तकात स्पर्शिका-छेदिकेचं म्हणून आहे तेच हे.

आता दोन वर्तुळं. कागद घे आणि माझ्याबरोबर काढ. एकाची त्रिज्या ११ सेमी, दुसऱ्याची ४ सेमी, केंद्रांमधलं अंतर २५ सेमी. वहीच्या पानावर हे मावणार नाही, म्हणून सगळं निम्मं करून काढ: ५.५, २ आणि १२.५. कागद आडवा धर. हिशेब मात्र मूळ आकड्यांवरच करू.

दोन्ही वर्तुळांच्या वरून टेकत जाणारी सरळ रेघ काढ. तिच्या दोन स्पर्शबिंदूंमधली लांबी आपल्याला हवी आहे. दोन्ही केंद्रांतून स्पर्शबिंदूंकडे त्रिज्या काढ. दोघी त्या रेघेला लंब, म्हणून एकमेकींना समांतर. इथपर्यंत तुझ्या वहीत बरोबर आहे. पुढे तू थेट सूत्र लिहिलंस, तिथे जरा थांब.

ती स्पर्शिका आहे तशीच, दिशा न बदलता, केंद्रांकडे ४ सेमी खाली सरकव. लहान वर्तुळाकडचं तिचं टोक आता कुठे आलं? थेट लहान केंद्रावर, कारण तिथली त्रिज्याच ४ होती. मोठ्या वर्तुळाकडचं टोक त्रिज्येवरून ४ सेमी खाली आलं, म्हणजे मोठ्या केंद्रापासून ७ सेमीवर. लंब तर ती अजूनही आहेच. आता मोठ्या केंद्राभोवती ७ सेमी त्रिज्येचं एक तुटक वर्तुळ काढ. दिसलं? सरकवलेली रेघ म्हणजे लहान केंद्रातून त्या तुटक वर्तुळाला काढलेली स्पर्शिका! लहान वर्तुळ आक्रसून बिंदू झालं, मोठं तेवढंच आक्रसलं, आणि प्रश्न पुन्हा बाहेरच्या बिंदूवर आला. लांबी बदललेली नाही, कारण मूळ रेघ आणि सरकवलेली रेघ या एका आयताच्या समोरासमोरच्या बाजू आहेत. कर्ण २५, त्रिज्या ७, म्हणून √(६२५ − ४९) = √५७६ = २४ सेमी.

आता तुझ्या प्रश्नचिन्हाची पाळी. मधून तिरकी जाणारी स्पर्शिका काढ, मोठ्या वर्तुळाला वरून आणि लहानाला खालून टेकणारी. या वेळी मोठं केंद्र रेघेच्या एका बाजूला आहे आणि लहान दुसऱ्या बाजूला. रेघ लहान केंद्रावर आणायची तर ती पुन्हा ४ सेमीच सरकवायची, फक्त लहान केंद्राच्या दिशेने. पण ती दिशा मोठ्या केंद्रापासून दूर नेणारी आहे! आधी रेघ मोठ्या केंद्रापासून ११ सेमीवर होती, आता १५ सेमीवर गेली. तुटक वर्तुळाची त्रिज्या १५, आणि लांबी √(६२५ − २२५) = √४०० = २० सेमी. म्हणजे बेरीज की वजाबाकी हे पाठ करायचं नाही, आकृतीत बघायचं. दोन्ही केंद्रं स्पर्शिकेच्या एकाच बाजूला असतील तर सरकताना मोठी त्रिज्या कमी होते, विरुद्ध बाजूंना असतील तर वाढते. तिरक्या स्पर्शिकेच्या आकृतीत तू मोठ्या वर्तुळाची त्रिज्या स्पर्शबिंदूपाशीच थांबवली आहेस, म्हणून तुला आयत सापडला नाही. ती स्पर्शिकेच्या पलीकडे आणखी ४ सेमी वाढव आणि तिथपर्यंत लहान केंद्रातून रेघ आण. काटकोन तिथे होतो.

रचनेचा प्रश्न आला तरी हेच कामी येतं. दोन्ही केंद्रं जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू मिळव आणि त्या रेषाखंडाला व्यास धरून वर्तुळ काढ. ते तुटक वर्तुळाला जिथे छेदेल तिथे अर्धवर्तुळातला काटकोन तयार असतो. तो बिंदू मोठ्या केंद्राला जोडून त्याच सरळ रेषेत मोठ्या वर्तुळापर्यंत पुढे नेलास की वरच्या स्पर्शिकेचा खरा स्पर्शबिंदू मिळाला. लहान वर्तुळात तिला समांतर, त्याच दिशेची त्रिज्या काढ, दुसरा मिळाला. निम्म्या मापाच्या आकृतीत पट्टी लावलीस की १२ सेमी यायला हवेत. तिरक्या स्पर्शिकेसाठी तुटक वर्तुळ मोठं घ्यायचं, त्रिज्या लहान वर्तुळात उलट दिशेने काढायची, आणि तिथे १० सेमी येतील. दोन-तीन मिलिमीटर फरक पडला तर बहुतेक कंपास हलला असेल. सेंटीमीटरभर पडला तर तुटक वर्तुळाची त्रिज्या चुकली असं समज.

आईच्या पायमशीनचा पट्टा आठव. खालच्या मोठ्या चाकापासून वरच्या छोट्या चाकापर्यंत जे दोन सरळ तुकडे जातात, त्या एका बाजूच्या सामाईक स्पर्शिका. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. कारखान्यात एखादं चाक उलटं फिरवायचं असतं तेव्हा पट्टा फुलीसारखा टाकतात, आणि तेव्हा सरळ तुकडे तिरक्या स्पर्शिका होतात. मला यातलं एक फार आवडतं. आपल्या ११ आणि ४ च्या वर्तुळांवर पट्टा घातला असं धर. साध्या पट्ट्याचे सरळ तुकडे २४-२४, फुलीच्या पट्ट्याचे २०-२०. वाटतं फुलीचा पट्टा आखूड लागेल. पण वळसे धरून साधा पट्टा सुमारे ९९ सेमी होतो आणि फुलीचा १०६ सेमीच्या वर, कारण तो दोन्ही चाकांना जास्त लांबपर्यंत गुंडाळतो. स्पर्शिका आखूड झाली म्हणजे पट्टा आखूड झाला असं नाही.

शेवटचं एक, आकृतीतच करून बघण्यासारखं. त्रिज्या त्याच ठेव आणि केंद्रं हळूहळू जवळ आण. अंतर १५ झालं की वर्तुळं बाहेरून एकमेकांना टेकतात. तिरक्या स्पर्शिकेसाठी √(२२५ − २२५), शून्य. तिचे दोन्ही स्पर्शबिंदू एकाच ठिकाणी आलेत. वरची मात्र अजून √(२२५ − ४९) = √१७६, सुमारे १३.३ सेमी आहे. अंतर १० केलंस की वर्तुळं एकमेकांना छेदतात. तिरक्या स्पर्शिकेच्या वर्गमुळात १०० − २२५ येतं, ऋण, म्हणजे तशी स्पर्शिकाच नाही. वरची √५१, सात सेमीच्या जराशी वर. अंतर ७ झालं की लहान वर्तुळ मोठ्याला आतून टेकतं आणि वरचीही लांबी शून्य होते. त्याहून कमी केलंस तर लहान वर्तुळ पूर्ण आत जातं आणि दोन्हींना टेकणारी एकही रेघ उरत नाही. तेव्हा उदाहरण सोडवताना वर्गमुळात ऋण संख्या आली तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी दिलेलं अंतर आणि त्रिज्यांची बेरीज-वजाबाकी शेजारी लिहून बघ, वर्तुळं कशी बसलीत ते तिथेच कळेल.