आईबाप ‘एकदम हेल्दी’ आहेत म्हणे!

प्रश्न : पर्शियन मांजराचं पिल्लू घेते आहे. ब्रीडर म्हणतात, आईबाप एकदम हेल्दी आहेत, आठ आठवड्यांच्या पिल्लाची सगळी लसीकरणं झालीत. ॲडव्हान्स देण्याआधी त्यांना पत्र लिहावं म्हणते. काय विचारू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिला प्रश्न मूत्रपिंडांचा विचारा. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो, त्याला पीकेडी म्हणतात. गाठी जन्मापासून असतात, पण वाढतात सावकाश आणि लक्षणं बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास दिसू लागतात. तीन वर्षांची भाटी टुणटुणीत असते, तिचं रक्तही नॉर्मल येतं, आणि तोवर तिची पिल्लं घरोघरी गेलेली असतात. ब्रीडर खोटं बोलतात असं नाही, त्यांनाही कदाचित कल्पना नसते.

म्हणून पत्रात असं लिहा : ‘बोका आणि भाटी दोघांच्या पीकेडी डीएनए चाचणीचे अहवाल पाठवाल का? त्यांवर मायक्रोचिप क्रमांक आहे का?’ क्रमांक नसेल तर तो कागद कुठल्याही मांजराचा असू शकतो. दोघं निगेटिव्ह असतील तर पिल्लात हा दोष येत नाही. एक जरी पॉझिटिव्ह असेल तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अहवालाऐवजी सोनोग्राफी दाखवली तर त्या वेळचं मांजराचं वय बघा. दहा महिन्यांच्या आत बारीक गाठी नजरेतून सुटू शकतात.

अहवालच नसतील तर पिल्लाचीच चाचणी मागा. गालाच्या आतून स्वॅब घेतात. मात्र नुकतंच आईला प्यायलेल्या पिल्लाच्या तोंडात तिच्या पेशी असतात, त्यामुळे आधी त्याला थोडा वेळ वेगळं ठेवावं लागतं.

लसीचं म्हणाल, तर आठव्या आठवड्यात ‘सगळी’ लसीकरणं होऊच शकत नाहीत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस देतात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर. तेव्हा कार्डाचा फोटो मागवा : लसीचा स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही. बाकीचे डोस तुमच्याकडे येणार, हे धरूनच चाला.

करारात एका वाक्यावर अडून बसा. ‘आजार निघाल्यास दुसरं पिल्लू देऊ’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पहिलं परत करण्याची अट त्यात बहुधा दडलेली असते, आणि वर्षभर पायात घोटाळणारं मांजर कोण परत करतं? त्याऐवजी लिहून घ्या : पीकेडी निघाल्यास मांजर आमच्याकडेच राहील आणि ठरलेली रक्कम परत मिळेल. घरी आणल्यावर तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि त्यात खोट निघाली तर ॲडव्हान्ससह पूर्ण पैसे परत, हेही त्यात असू द्या.