तेल, पाणी आणि सागाची फळी

नांदेड

चि. सायली,



तुझी शंका ताईने फोनवर वाचून दाखवली. पाण्यावर तेल, त्यात लाकडाची फळी. तिचा तळ पाण्यात, मधला भाग तेलात आणि माथा हवेत. पुस्तकातल्या उत्तरात तेलाचंही प्लावक बल धरलंय. तू विचारतेस, तेल तर फळीला फक्त चारी बाजूंनी लागतं, तळाला शिवतही नाही, मग ते तिला वर ढकलतं कसं? शंका अगदी रास्त आहे. सूत्र पाठ करणाऱ्या मुलांना ती पडत नाही. म्हणून सवडीने लिहितोय.

तेल फळीच्या बाजूंवर आडवं दाबतं, आणि समोरासमोरचे दाब एकमेकांना खोडून काढतात. म्हणजे तेल स्वतः फळीला तसूभरही वर उचलत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर. पण तेलाचा भार खालच्या पाण्यावर पडतो. पाणी तो सगळीकडे सारखा पोचवतं, फळीच्या तळाखालीसुद्धा. तळावर वरच्या दिशेने दाबतं ते पाणीच, पण त्या दाबात तेलाच्या थराचा वाटा मिसळलेला असतो. 'तेलाचं प्लावक बल' म्हणतात ते हेच.

आता आकडे घालून पाहू. घरी जुन्या चौकटीचं सागाचं लाकूड असेल. समज, त्याची फळी 12 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 6 उंच आहे. नुसत्या पाण्यात आडवी सोडल्यावर ती 3.9 सेंटिमीटर बुडते. 3.9 भागिले 6 म्हणजे 0.65, ही तिची घनता, पाण्याची 1 धरून. ही घनता पुस्तकातून घेऊ नकोस. साग सागासारखा नसतो, आणि वाळलेला व ओला यांत फार फरक पडतो.

तेलाची घनता तुमच्या स्वयंपाकघरातच छापलेली आहे. सोयाबीन तेलाच्या पिशवीवर बहुधा '1 लिटर' आणि '910 ग्रॅम' असं दोन्ही असतं. म्हणजे 0.91.

आता पाण्यावर तेलाचा 2 सेंटिमीटरचा थर झाला असं धर. तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 6 सेंटिमीटर लाकडाचा भार आहे, म्हणजे 3.9 ग्रॅम. तो तोलायला खालून तेवढाच दाब हवा. त्यातला 2 गुणिले 0.91, म्हणजे 1.82 ग्रॅम तेलाच्या थरामुळे मिळतो. उरलेल्या 2.08 ग्रॅमसाठी तळ पाण्यात 2.08 सेंटिमीटर जायला हवा. हवेत राहिले 1.92. म्हणजे पाण्यात सुमारे 35 टक्के, तेलात 33 आणि हवेत 32.

इथे जरा थांब. नुसत्या पाण्यात 2.1 सेंटिमीटर माथा उघडा होता, आता 1.92. माथा जेमतेम दोन मिलिमीटर झाकला गेला, पण तळ 3.9 वरून 2.08 वर आला. वरून तेल ओतलं की फळी खाली दबेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती पाण्यातून वर निघते. ओतत गेलीस तर थर 4.29 सेंटिमीटरचा झाला की तळ पाण्याला नुसता टेकतो (3.9 भागिले 0.91). त्यापुढे फळी तेलातच तरंगते आणि कितीही तेल ओतलं तरी तेवढीच बुडते.

पुस्तकात दुसरं एक सूत्र आहे: पाण्यातला भाग = (लाकूड − तेल) ÷ (पाणी − तेल), सगळ्या घनता. ते फक्त फळी तेलाने पूर्ण झाकली गेल्यावरच लागू होतं. सागाचे आकडे त्यात घाल, उत्तर उणे 2.9 येईल. उणे उत्तराचा अर्थ गणित चुकलं असा नाही. इतकं तेल असेल तर हे लाकूड पाण्यापर्यंत पोचतच नाही, असा आहे. म्हणून आधी घनतांची तुलना करायची, मग सूत्राला हात लावायचा.

हे सूत्र चालायला लाकूड तेलाहून जड आणि पाण्याहून हलकं हवं. पाण्यात मुरत ठेवलेलं बाभळीचं लाकूड तिथवर येऊ शकतं. त्याची घनता 0.96 भरली तर पाण्यातला भाग 0.05 भागिले 0.09, म्हणजे 56 टक्के. पण तेल 0.91 ऐवजी 0.92 असेल तर उत्तर थेट 50 टक्क्यांवर येतं. शंभरात एकाचा फरक, आणि उत्तर सहा टक्क्यांनी सरकलं! छेदातली वजाबाकी इतकी लहान असली की असंच होतं. शिवाय तेल उन्हाने फुगतं. हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा तुमच्या डोंगरकडा गावच्या मे महिन्यातल्या दुपारी त्याची घनता दीड-दोन टक्के कमी भरेल. काही कंपन्या याचाच फायदा घेऊन जास्त तापमानाचं माप पिशवीवर छापत. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना सांगितलं की तापमान न लिहिता माप द्या आणि सोबत वजनही छापा. तेव्हा 910 ग्रॅमवर विसंबण्यापेक्षा मोजपात्रात 100 मिलिलिटर तेल घेऊन काट्यावर तोल, आणि प्रयोग लगेच कर.

करताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, फळी कलंडते. सागाचा घन ठोकळा पाण्यात सरळ तरंगत नाही. घनाची घनता साधारण 0.21 ते 0.79 यांमध्ये असेल तर तो तिरपा होतो आणि उंचीवरून भाग काढता येत नाही. म्हणून रुंदी उंचीपेक्षा बरीच जास्त ठेव, वरची 12 × 10 × 6 चालेल. पुस्तकातल्या चित्रात ठोकळा नेहमी सरळ उभा असतो, चित्र काढणाऱ्याने तो कधी पाण्यात सोडून पाहिलेला नसतो.

दुसरी, लाकूड पाणी पितं आणि तासाभरात जड होतं. आधी मेण चोळून घे, मगच नुसत्या पाण्यातलं माप घे.

तिसरी चूक हिशेबातली. तुझ्या काचेच्या टाकीचा तळ 25 × 20 असेल तर क्षेत्रफळ 500. पण 120 फळीने अडवलंय, तेलाला जागा उरते 380 चौरस सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर थराला 760 मिलिलिटर लागतील. 760 ला 500 ने भागलंस तर थर दीड सेंटिमीटर येईल आणि पुढचं सगळं चुकेल. त्यापेक्षा फळी स्थिरावल्यावर बाहेरून पट्टी लावून थर मोज, डोळा थराच्या पातळीत ठेवून. तेलाच्या पिशवीबद्दल ताई बोलेलच. तिला सांग, नंतर ते वरून पळीने काढून घेता येतं, दिव्याला चालेल.

फळीवर पेन्सिलीने दर अर्ध्या सेंटिमीटरला रेघ मार. एक, दोन आणि तीन सेंटिमीटर थराला तळ पाण्यात किती राहिला, ते लिहून मला पाठव. थर सेंटिमीटरने वाढला की तळ 0.91 सेंटिमीटर वर यायला हवा. तसं न होता आकडे वेडेवाकडे आले, तरी ते दुरुस्त न करता तसेच पाठव.

तुझा,
मामा