गल्ल्यात पैसे कमी भरले तर?

सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "दिवसअखेर गल्ल्यात पैसे कमी भरले, तर काय करशील?" पुण्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये मी हेड कॅशियर आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतींना बसते. बरेच जण क्षणभरही न थांबता सांगतात, "मॅडम, मी माझ्या खिशातून भरीन." घरात प्रामाणिकपणा म्हणून हेच शिकवलेलं असतं, त्यामुळे सांगताना आवाजही ठाम असतो. पण हिशेबात हुशार, बोलण्यात गोड अशी मुलं नेमक्या याच उत्तरावर मागे पडताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी हळहळ वाटते. म्हणून हे सविस्तर सांगते.

मी दुसऱ्या एका दुकानात नवी होते तेव्हाची गोष्ट. पगारानंतरचा पहिला रविवार, रात्री गल्ला मोजायला बसलो. सकाळी सुट्ट्यांसाठी मिळालेले 3,000 रुपये, दिवसाची रोख विक्री 28,640, त्यातले 20,000 दुपारी सुपरवायझरने सही करून उचललेले. म्हणजे ड्रॉवरमध्ये 11,640 हवे होते. भरले 10,354. तूट 1,286 रुपयांची. शेजारच्या काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "अगं, भरून टाक, विषय संपव. नाहीतर नाव खराब होतं." आमच्या सीनियर कॅशियर बाई मात्र म्हणाल्या, "थांब. आकडा बघ आधी."

तूट कशी झाली हे पुष्कळदा आकडाच सांगतो. 400 कमी असतील, तर शंभराच्या जागी पाचशेची नोट गेल्याची शक्यता मोठी. 300 असतील तर दोनशे आणि पाचशेची अदलाबदल. पण 1,286 असा आकडा नोटांच्या गोंधळातून सहसा येत नाही. तो एखाद्या बिलाचाच असतो. बाईंनी दिवसभराच्या बिलांची यादी काढली. संध्याकाळी सातच्या सुमाराला बरोबर 1,286 चं एक बिल होतं, रोख म्हणून नोंदलेलं. यूपीआय मशिनचा हिशेब पाहिला, तर तिथे सिस्टिममधल्या यूपीआय विक्रीपेक्षा 1,286 जास्त जमा. ग्राहकाने आधी रोख देतो म्हटलं, पाकीट चाचपलं आणि मग क्यूआर स्कॅन केला होता. नोंद रोखीचीच राहिली. दुकानाचा एक पैसाही बुडालेला नव्हता. मी खिशातून भरले असते, तर माझे 1,286 गेले असते आणि दुकानाचा हिशेब दोन ठिकाणी चुकीचा राहिला असता.

खिशातून भरण्याचं उत्तर मुलाखत घेणाऱ्याला खटकतं ते यामुळे. भरलेली तूट दिसत नाही, आणि न दिसलेली चूक शोधता येत नाही. शिवाय जो गुपचूप पैसे घालू शकतो, तो गुपचूप काढूही शकतो, असा संशय येतो. त्या मुलाच्या मनात तसं काही नसतं, पण कॅशचा नियम माणूस पाहून बदलत नाही. मग उत्तर काय द्यावं? "पुन्हा मोजीन, नोटांचे खण तपासीन, कार्ड आणि यूपीआयच्या नोंदी जुळवीन, आणि तूट सापडो न सापडो, त्याच रात्री सुपरवायझरला सांगून कॅश शीटवर खरा आकडा लिहीन."

लगेच उलटा प्रश्न येतो : "आणि पैसे जास्त भरले तर?" इथे काही जण प्रश्न हसण्यावारी नेतात. जास्तीचे पैसे म्हणजे बहुधा कुणा ग्राहकाला सुट्टे कमी गेलेले असतात; तो उद्या बिल घेऊन येईल तेव्हा नोंद सापडली पाहिजे. वरचे शंभर बाजूला ठेवून उद्याची तूट भागवण्याची सवय काही काउंटरवर असते. मुलाखतीत ती चतुराई म्हणून सांगणाऱ्याला मी स्वतः नापास करते.

आता, या चुका होतात कधी? रांग वाढली की. म्हणूनच अनेक ठिकाणी छोटं प्रात्यक्षिक घेतात. बिल 362 रुपयांचं, ग्राहक पाचशेची नोट देतो. तुम्ही 138 मोजायला लागता, तेवढ्यात तो म्हणतो, "थांबा, बारा रुपये सुट्टे देतो." मागून कुणीतरी ओरडतं, "अहो, लवकर आवरा!" हिशेब सोपा आहे : 512 आले, 150 परत. पण बघायचं असतं ते तुमच्या हातांकडे. नोट घेताना "पाचशे आले" असं मोठ्याने म्हणता का? नोट लगेच खणात टाकता, की सुट्टे हातात पडेपर्यंत ड्रॉवरवर आडवी दिसेल अशी ठेवता? काढलेले 138 आधी खणात परत ठेवून मग नव्याने दीडशे काढता, की हातातल्या पैशांत भर घालत बसता? मध्येच बदललेला व्यवहार पहिल्यापासून सुरू करावा. भामटे सुट्ट्यांचा घोळ याच क्षणी घालतात. आणि "मी पाचशे दिले होते" असा वाद निघाला, तर वर ठेवलेली नोटच तो मिटवते. नोट आत गेली असेल, तर वाद न घालता सुपरवायझरला बोलवायचं. गरज पडली तर तिथेच गल्ला मोजतात.

"मी खूप फास्ट आहे," हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. नूडल्सची चार पाकिटं चार चवींची असताना एकच स्कॅन करून चारने गुणणारा हात वेगवान दिसतो, पण साठ्याचा हिशेब बिघडवतो. खरा वेग म्हणजे बिल पुन्हा उघडावं न लागणं. बीप झाल्यावर स्क्रीनकडे नजर जाते का, बारकोड वाचला गेला नाही तर खालचे अंक टाइप करायचं सुचतं का, यूपीआयचे पैसे आल्याची खात्री ग्राहकाच्या मोबाइलवर न करता आपल्या मशिनवर करता का, हे मी बघते.

रांगेबद्दल विचारलं, तर "मी शांत राहीन" एवढ्यावर थांबू नका. काय कराल ते सांगा. समजा, एका वस्तूची किंमत पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त दिसते आहे आणि मागे आठ जण उभे आहेत. सुपरवायझरला हाक मारायची, बिल होल्डवर टाकायचं, त्या ग्राहकाला "ताई, दोन मिनिटांत किंमत बघून देतो" असं सांगून पुढच्याचं सामान घ्यायचं. ओरडणाऱ्याला उत्तर द्यायचं ते एका वाक्यात, हात न थांबवता. दुसऱ्याचे पैसे मात्र त्याचं बिल स्क्रीनवर आल्याशिवाय हातात घ्यायचे नाहीत.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा बहुतेक जण मान हलवून उठतात. तूट आली तर तुमच्याकडे काय पद्धत आहे, ड्रॉवर एकाच कॅशियरकडे असतो की पाळीत दोघं वापरतात, गल्ला कुणासमोर मोजतात, हे जरूर विचारा. दोघांचा हात असलेल्या गल्ल्याची तूट एकाच्या पगारातून कापणारी दुकानं आहेत. कायद्याने नुकसानीपोटी पगार कापायचा, तर आधी त्या कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असता येत नाही. प्रश्न नम्रपणे विचारला, तर चांगला मॅनेजर रागावत नाही. "आमच्याकडे विचारत नाहीत, कापतात," असं उत्तर आलं, तर होकार देण्याआधी त्या दुकानातल्या जुन्या कॅशियरशी एकदा बोलून घ्या.