शब्द सारखा, माहेर वेगळं

पोरी, लखनौचा मुलगा केलास याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. मी इंदूरची. आमच्या वाड्यात एका दारात मराठी आणि समोरच्या दारात हिंदी असायची, त्यामुळे या दोन भाषांची गट्टी आणि कुरबूर मी जन्मभर जवळून पाहिली आहे. जो शब्द मुळीच कळत नाही तो माणूस विचारून घेतो, त्याची भीती नाही. घरात रुसवा येतो तो कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांनी. अर्धं कळलं की पुरतं बिघडलं! म्हणून तुझ्या आत्याच्या या गोष्टी गाठीला बांधून ठेव.

१. हिंदीत बोलताना जावईबापूंना ‘तुम’ म्हण आणि मराठीत खुशाल ‘तू’ म्हण – कारण हिंदीला तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत, आपल्याला रोजच्या बोलण्यात तू आणि तुम्ही अशा दोनच. आपल्या ‘तू’मध्ये जवळीक आहे. लखनौच्या घरात ‘तू’ देवाला, लहान लेकराला किंवा भांडणात वापरतात, म्हणून तुझं प्रेमाचं ‘तू सुन ना’ त्यांना चापटीसारखं लागेल. उलट ते मराठी शिकू लागले की त्यांच्या ‘तुम’चं ‘तुम्ही’ करतील आणि तुला वाटेल, हा माझ्याशी पाहुण्यासारखा का बोलतो? त्यांनी मधली पायरीच उचलून आणलेली असते. आपल्याकडे ती वरची ठरते, एवढंच.

२. त्यांच्या घरी नवरा-बायको एकमेकांना ‘आप’ म्हणत असतील तर तू बुजू नकोस – तिथे तो संस्कार आहे, दुरावा नव्हे. पण रोज ‘तुम’ म्हणणारा माणूस एका संध्याकाळी अचानक ‘आप’वर गेला, तर मात्र हातातलं काम ठेव आणि शेजारी जाऊन बस. आपल्याकडे चिडून ‘तुम्ही मोठे, तुम्हाला कोण सांगणार’ म्हणतात, तीच ही गोष्ट.

३. ‘हम’ ऐकलंस की लगेच बॅग भरू नकोस – लखनौकडे पुष्कळजण एकट्यासाठीही ‘हम’ म्हणतात. समज, फोन आला, ‘हम शनिवार को निकल रहे हैं.’ तू रजा टाकलीस, शेजारणीला दूध बंद करायला सांगितलंस आणि शुक्रवारी रात्री कळलं की ऑफिसच्या कामाला ते एकटेच निघालेत. मग तू रुसणार, आणि ते बिचारे म्हणणार, मी तर आधीच सांगितलं होतं! ओळखायची खूण सोपी आहे. अनेकजण असले की ते बहुधा ‘हम लोग’ म्हणतात, दोघंच असलात की ‘हम दोनों’. नुसतं ‘हम’ असेल तर तिथल्या तिथे विचार, ‘हम लोग या सिर्फ़ तुम?’

आता याची दुसरी बाजू ऐक, ती जास्त नाजूक आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतो तो बाहेर राहतो, आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरकच नाही. ‘हम’ आणि ‘आम्ही’ हे दोन्ही प्राकृतातल्या ‘अम्हे’पासून आलेले, म्हणजे सख्खी भावंडंच. त्यामुळे जावईबापू मोठ्या हौसेनं मराठीत सांगतील, ‘आम्ही दिवाळीला लखनौला जाऊ.’ त्यांच्या मनात तू पहिल्या जागेवर बसलेली असशील, पण मराठी कानाला वाटेल की तुला इथेच ठेवून मंडळी निघाली. ‘आपण’ हा एक शब्द त्यांना सगळ्यात आधी शिकव. पण त्यातही एक मेख आहे. त्यांच्या कानाला ‘आपण’ हा ‘आप’सारखा ऐकू येतो – दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘आत्मन्’चे वंशज आहेत. तू ‘आपण जाऊ या’ म्हणालीस तर ‘आप जाइए’ ऐकल्यासारखं त्यांना वाटू शकेल, म्हणून सुरुवातीला ‘आपण दोघं’ असं जोडून बोल. आमच्या इंदूर-भोपाळकडच्या हिंदीत समोरच्याला धरून चालणारा ‘अपन’ आहे, म्हणून आमच्याकडे हा घोटाळा कमी होतो. लखनौकडे त्याच्या भरवशावर राहू नकोस.

४. ‘समाधान’ या शब्दाला मी सगळ्यात जास्त जपायला सांगेन – हिंदीत समाधान अडचणीचं होतं, मराठीत ते माणसाचं होतं. त्यांच्याकडे ‘समस्या का समाधान’ म्हणजे तोडगा, आणि आपल्याकडे ‘मनाचं समाधान’ म्हणजे तृप्ती. आता हे घरात कसं पेटतं ते बघ. गिझर बिघडलाय, दोन दिवस तू गार पाण्यानं अंघोळ करते आहेस आणि त्यावरून थोडी बोलाचालीही झाली आहे. तिसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन गेला. संध्याकाळी जावईबापू घरी येतात आणि काम झालं का, हे आपल्या नव्या मराठीत विचारतात, ‘झालं समाधान?’ मराठीत हे वाक्य भांडणानंतर टोमणा म्हणूनच येतं, ‘मिळालं मनासारखं? आता तरी थंड झालीस?’ तू तडकणार. ते म्हणणार, मी तर फक्त गिझरची चौकशी केली!

अशा वेळी उत्तर द्यायच्या आधी मनात एकच विचार, ‘कशाचं समाधान, की कुणाचं?’ वस्तूचं किंवा अडचणीचं असेल तर तो हिंदी शब्द मराठी कपड्यांत आलेला आहे. त्यांना ‘काम झालं का?’ किंवा ‘मार्ग निघाला का?’ असं म्हणायला शिकव. आणि तूही हिंदीत ‘मेरा समाधान हो गया’ म्हणू नकोस, कारण त्यांना वाटेल तुझ्या एखाद्या शंकेचं निरसन झालं. मन भरलं हे सांगायचं असेल तर ‘तसल्ली हुई’ म्हण.

५. ‘मला तुझी गरज आहे’ याचं हिंदी करताना ‘ज़रूरत’ म्हण, ‘ग़रज़’ नको – मूळ अरबी शब्दाचा अर्थ हेतू. हिंदी-उर्दूत त्याला मतलबाची छटा आली, म्हणून तर आपमतलबी माणसाला ‘ख़ुदग़र्ज़’ म्हणतात. मराठीत मात्र गरज म्हणजे साधी निकड, आणि ती माणसाचीही असते. तू डोळ्यांत पाणी आणून ‘मुझे तुम्हारी ग़रज़ है’ म्हणशील आणि त्यांच्या कानावर पडेल की माझं तुझ्याकडे काम आहे. तसंच भांडणात ते ‘मुझे क्या ग़रज़ पड़ी है’ म्हणाले तर ‘मला तुझी गरज नाही’ असा अर्थ लावू नकोस. त्याचा अर्थ ‘मला काय पडलंय’ एवढाच. तेही काही गोड नाही, पण नातं तुटल्याचं ते वाक्य नव्हे.

६. राग आला तर हिंदीत ‘ग़ुस्सा’ म्हण, आणि मन खट्टू झालं असेल तर ‘बुरा लगा’ म्हण – हिंदीतला ‘राग’ गवयाचा असतो, आणि ‘नाराज़’ आपल्या ‘नाराज’पेक्षा तिखट असतो. आपण निकाल मनासारखा लागला नाही तरी नाराज होतो. ‘मैं नाराज़ हूँ’ मात्र बहुतेक वेळा कुणावर तरी असतं, आणि ऐकणारा लगेच मनधरणीला लागतो. तू ऑफिसमधल्या बॉसमुळे खट्टू आहेस आणि ते तुझ्या मागे ‘मुझसे क्या ग़लती हुई’ करत फिरतायत, असं व्हायला नको.

७. ‘हुशार’ आणि ‘शहाणी’ ही कौतुकाची विशेषणं हिंदीत जपून ने – शाळकरी पोराला ‘होशियार’ म्हटलं तर ते कौतुकच असतं, पण नवऱ्याला ‘बड़े होशियार हो’ म्हटलंस तर त्यात चलाखी ऐकू येते. ‘सयाना’चंही तसंच. ‘समझदार’ म्हण, त्यात काटा नाही.

८. त्यांनी ‘तुझे हाल कसे आहेत?’ विचारलं तर हसून ‘मजेत’ म्हण – त्यांचा ‘हाल’ म्हणजे नुसती खुशाली, आपले हाल म्हणजे सोसलेला त्रास. तापातून उठल्यावर ‘तुझी तब्येत सुधारली’ म्हणाले तर आरशासमोर जाऊन उभी राहू नकोस. ‘तब्येत सुधारली’चा अर्थ ‘वजन वाढलं’ असाही होतो, ही आपल्या लग्नाघरच्या बायकांची खोडी आहे, ती त्यांना अजून ठाऊक नाही.

९. घरकामाबद्दल बोलायचं तर ‘गृहस्थी’ किंवा सरळ ‘घर का काम’ म्हण, ‘संसार’ नको – हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग. आपला संसार भांड्याकुंड्यांचा, किराण्याचा आणि हप्त्यांचा. ‘संसार मैं अकेली चला रही हूँ’ म्हणालीस तर तो त्यांना देवाच्या वरचा दावा वाटेल आणि भांडी घासायची तशीच राहतील.

१०. ‘माया’ हा आपला फार मऊ शब्द आहे, तो मराठीतच ठेव – हिंदीत माया म्हणजे भ्रम, मोह, नाहीतर पैसाअडका. ‘तुम्हारी माया’ म्हणजे जणू तुमची लीला! तिथे ‘ममता’ आईची असते. नवऱ्यासाठी ‘लगाव’ किंवा ‘प्यार’ पुरेसं आहे.

११. जिथे विश्वासाचा प्रश्न असेल तिथे ‘संशय’ शब्द दोघांनीही टाळा – पुस्तकी हिंदीत ‘मुझे संशय है’ म्हणजे मला खात्री नाही. मराठी घरात ‘संशय घेतो’ म्हटलं की बायकोच्या चारित्र्यापर्यंत बोट जातं. गाडी वेळेवर येईल का, याबद्दल त्यांना संशय असेल तर ‘शंका’ म्हणायला सांग.

१२. पैसा, मूल आणि दोन्हीकडचे आईवडील, हे विषय दोन भाषांची मिसळ करून बोलू नका – एकानं आपल्या भाषेत पूर्ण बोलावं आणि दुसऱ्यानं ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय ना?’ करत ते आपल्या भाषेत परत सांगावं. दहा मिनिटं जास्त लागतात, पण कोणता शब्द घसरला ते तिथेच दिसतं.

१३. त्यांचं मराठी चुकलं तर चारचौघांत हसू नकोस, घरी आल्यावर एकदाच सांग – हसलं की माणूस बोलायचं थांबतो. मग चुकाही दिसत नाहीत आणि मनातलंही कळत नाही.

सगळं एकदम शिकवायला बसू नकोस. या आठवड्यात ‘आपण’ आणि ‘समाधान’ एवढे दोनच शब्द दोघं मिळून नीट बोलून घ्या, बाकीचे दिवाळीनंतर झाले तरी चालतील.