कथास्पर्धेसाठी पहिला परिच्छेद : कथा प्रसंगातूनच सुरू करूया

कथालेखन स्पर्धेसाठी मुलं लिहायला बसली की पहिला परिच्छेद बहुतेक वेळा असा येतो. उदाहरण पाठासाठी तयार केलेलं आहे :

"खान्देश केळीसाठी प्रसिद्ध आहे. चोपडा तालुक्यात एक छोटेसे गाव होते. तेथे एक गरीब, कष्टाळू शेतकरी राहत होता. त्याला राजू नावाचा मुलगा होता. एके दिवशी मोठे वादळ आले आणि त्यांची सगळी बाग आडवी झाली."

आता मुलाला यातली क्रियापदं अधोरेखित करायला सांगा. आहे, होते, राहत होता, होता. पहिल्या चार वाक्यांत कुणीच काही करत नाही. पाचव्या वाक्यात मात्र कथेतली सर्वांत मोठी घटना एका दमात सांगून संपते, वाचकाला ती दिसतच नाही.

मग मुलाला तीन प्रश्न विचारा. वादळानंतर राजू नेमका कुठे आहे? त्याच्या हातात काय आहे? आणि त्या क्षणी कोणती गोष्ट अजून ठरलेली नाही? उत्तरं आली की परिच्छेद असा बदलतो :

"'अप्पा, हाऊ घड आजून चांगला शे!' राजूने आडव्या खांबाखालून घड ओढून वर धरला. त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. अप्पा बांधावरून हलले नाहीत. हातातला विळा तसाच लोंबत होता. परवा व्यापाऱ्याची गाडी येणार होती."

गरिबी, बाग, वादळ हे शब्द इथे एकदाही आलेले नाहीत, तरी तिन्ही गोष्टी कळतात. आडवा खांब आणि चिखल वादळ सांगतात. 'परवा गाडी येणार होती' या एका वाक्यात नुकसान आहे आणि पुढे काय होणार ही ओढही आहे. 'कष्टाळू' हे विशेषण गेलं, त्याच्या जागी राजूची कृती आली. गावाचं नाव, घरची माणसं ही माहिती पुढे लागेल तिथे एकेक करून द्यावी.

अहिराणीचं वाक्य संवादातच ठेवलंय. राजू घड उचलून दाखवतो, म्हणून अहिराणी न येणाऱ्या परीक्षकालाही अर्थ लागतो. निवेदन मात्र प्रमाण मराठीतच राहू द्या.

इथे एक चूक हमखास होते. 'प्रसंगातून सुरुवात' म्हटलं की मुलं "धडाम्!" किंवा "वाचवा!" असं लिहितात आणि पुढच्याच ओळीत पुन्हा "एका गावात…" सुरू करतात. म्हणून तपासणी अशी करा : परिच्छेद वाचून दाखवा आणि दुसऱ्या मुलाला त्याचं चित्र काढायला सांगा. माणूस, जागा आणि हालचाल कागदावर आली, तर सुरुवात जमली. नुसतं गाव किंवा शेत आलं, तर पुन्हा त्या तीन प्रश्नांकडे वळा.

बोधकथा किंवा लोककथेच्या ढंगाची कथा असेल, तर 'एक आटपाट नगर होतं' हीच सुरुवात शोभते. तिथे हा बदल करू नका.