पुढे बीक्रिप्ट, मागे उघडी खिडकी

‘पासवर्ड आम्ही हॅश करूनच ठेवतो’ हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. कशाने हॅश करता, ते सांगा की! २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, तेही हॅशच होते. पण साध्या एसएचए-वनचे, सॉल्टशिवाय. म्हणजे ज्यांचा पासवर्ड सारखा, त्यांचा हॅशही सारखा; चोराने एक अंदाज एकदा हॅश केला की तो साऱ्या यादीशी ताडून पाहता येतो. प्रत्येकाला वेगळा सॉल्ट असता, तर त्याच एका अंदाजासाठी ६५ लाख वेळा गणित करावं लागलं असतं. यावर हटकून विचारतात, सॉल्ट तर हॅशच्या शेजारीच असतो, तोही चोरीला जाणार, मग उपयोग काय? अहो, सॉल्ट गुपित नसतोच. त्याचं काम लपायचं नाही, एका खात्यावरची मेहनत दुसऱ्या खात्यावर फुकट जायला लावायचं आहे.

पण नुसत्या सॉल्टवर विसंबू नका. एकाच माणसाच्या मागे लागलेल्याला सॉल्ट अडवत नाही, कारण एसएचए-वन किंवा एमडीफाइव्ह मुळात वेगासाठी बनवलेले. ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज होतात. म्हणून मुद्दाम संथ हॅश. अॅशले मॅडिसनच्या २०१५ मधल्या गळतीत बीक्रिप्टचे हॅश `$2a$12$` असे सुरू होत होते. त्यातला १२ म्हणजे दोनाचा बारावा घात, ४०९६ फेऱ्या. वापरणाऱ्याला लॉगिन करताना हा क्षणभराचा उशीर कळतही नाही; कोट्यवधी अंदाज करणाऱ्याला मात्र तो परवडत नाही. एकाने पाच दिवस यंत्र चालवलं, तेव्हा जेमतेम चार हजार पासवर्ड निघाले, आणि तेही `123456` छापाचे. असल्या पासवर्डला कुठलाच हॅश तारत नाही, हे मान्य.

इथवर कंपनीला शाबासकी द्यावी, तर त्याच गळतीतल्या कोडमध्ये आपोआप लॉगिनसाठीची एक किल्ली सापडली:

```
md5(lc($username)."::".lc($pass))
```

नीट बघा. युजरनेम आहे, म्हणजे सॉल्टसारखं काहीतरी आहेच. पण एमडीफाइव्ह वेगवान, आणि वर पासवर्डची सगळी अक्षरं लहान करून चोराचं काम आणखी सोपं केलेलं. अभ्यासकांच्या एका गटाने आधी हे फोडलं, मग मोठ्या-लहान अक्षरांचे मोजके पर्याय बीक्रिप्टशी ताडले. काही दिवसांत एक कोटी दहा लाखांहून जास्त पासवर्ड उघडे. बीक्रिप्ट फोडावं लागलंच नाही!

तेव्हा बीक्रिप्ट बसवलं म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी कोडमध्ये `$pass` कुठे कुठे जातो ते शोधा: टोकनमध्ये, लॉगमध्ये, जुन्या बॅकअपमध्ये. आणि जुने एमडीफाइव्ह हॅश ‘लोक लॉगिन करतील तेव्हा बदलू’ म्हणून ठेवू नका. ते आहेत तसेच आजच बीक्रिप्टमध्ये गुंडाळा आणि मूळ रकाना पुसून टाका. बरेच लोक परत लॉगिन करतच नाहीत.