घटक ४ : योग्य परिपत्रकाची निवड – वर्ष व विभाग यांच्या आधारे शोध

४.१ उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• चॅटबॉट चुकीचे परिपत्रक का उद्धृत करतो, हे सांगता येईल.
• निर्गमनाची तारीख आणि अंमलाची तारीख यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• गाळणी शोधाआधी का लावावी, हे उदाहरणासह मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, समजा नागपूरच्या एका शासकीय कार्यालयाने शासन निर्णय आणि परिपत्रके साठवून त्यांवर उत्तरे देणारा चॅटबॉट तयार केला आहे. लेखाशाखेतील कर्मचारी विचारतो, “ऑक्टोबर २०२४ च्या वेतनावर महागाई भत्ता किती टक्के?” चॅटबॉट एका शासन निर्णयाचा आधार देऊन ‘५० टक्के’ असे उत्तर देतो. तो शासन निर्णय खरा आहे, पण आज विचारल्यास उत्तर चुकीचे आहे. कर्मचाऱ्याने त्यावर थकबाकी काढली, तर ती कमी निघेल.

४.३ चूक कोठे होते?
असा चॅटबॉट आधी साठ्यातून प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधतो आणि मग त्यांवरून उत्तर रचतो. शोध मजकुराच्या अर्थाच्या जवळिकीवर चालतो. महागाई भत्त्याचे शासन निर्णय मात्र जवळजवळ एकाच साच्यात लिहिलेले असतात. त्यांत दर आणि तारीख तेवढी बदलते. त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने ते सारखेच ‘जवळ’ ठरतात आणि त्यांतील कोणता वर येईल, हे जवळजवळ योगायोगावर राहते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कागदासोबत त्याविषयीची माहिती, म्हणजेच मेटाडेटा, वेगळ्या रकान्यांत नोंदवणे. यात विभाग, क्रमांक, निर्गमनाची तारीख आणि विषय यांचा समावेश होतो. ग्रंथालयातील तालिकापत्र ग्रंथाविषयी हेच काम करते. शोध घेताना या रकान्यांवर अट घातली, की अटीत न बसणारे कागद बाजूला पडतात. विभाग ‘वित्त’ ठेवला, तर दुसऱ्या विभागाचे त्याच शब्दांतले परिपत्रक मध्ये येत नाही.

४.४ ‘वर्ष’ म्हणजे कोणते वर्ष?
आता आपल्या उदाहरणाकडे वळू. राज्य शासनाने सातव्या वेतन आयोगानुसार वेतन घेणाऱ्यांचा भत्ता १ जानेवारी २०२४ पासून ५० टक्के केला. तो शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. पुढे १ जुलै २०२४ पासून दर ५३ टक्के झाला, परंतु त्याचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला.

प्रश्नात ‘२०२४’ आहे म्हणून आपण निर्गमनाचे वर्ष २०२४ अशी अट घातली, तर ५३ टक्क्यांचा शासन निर्णय वगळला जाईल. म्हणजे गाळणीनेच बरोबर कागद बाहेर टाकला. यासाठी ‘अंमल सुरू’ आणि ‘अंमल समाप्त’ असे दोन स्वतंत्र रकाने हवेत. अट अशी ठेवावी : अंमल विचारलेल्या दिवशी किंवा त्यापूर्वी सुरू झालेला असावा आणि त्या दिवसापूर्वी संपलेला नसावा. १५ ऑक्टोबर २०२४ ही तारीख घेतल्यास ही अट ५३ टक्क्यांच्या शासन निर्णयावर येते.

‘अंमल समाप्त’ मूळ कागदावर लिहिलेले नसते. नवा शासन निर्णय नोंदवताना जुन्या नोंदीत ३० जून २०२४ ही तारीख भरावी लागते. हे राहून गेले, तर दोन्ही कागद अटीत बसतात आणि चूक पुन्हा उद्भवते.

४.५ गाळणी केव्हा लावावी?
काही रचनांत आधी सर्वांत जवळचे पाच उतारे काढतात आणि मग अट लावतात. ते पाचही जुन्या वर्षांचे निघाले, तर अट लावल्यावर हाती काहीच उरत नाही. योग्य कागद साठ्यात असूनही ‘माहिती नाही’ असे उत्तर येते. म्हणून अट आधी लावून, उरलेल्या कागदांतच अर्थाने शोध घ्यावा.

४.६ मर्यादा
ज्या कागदाचा विभाग किंवा ‘अंमल सुरू’ हा रकाना रिकामा आहे, तो अटीत बसत नाही आणि कोणतीही सूचना न देता शोधातून नाहीसा होतो. म्हणून रिकाम्या रकान्यांची यादी ठरावीक काळाने पाहावी. ‘वित्त’ आणि ‘वित्त विभाग’ अशी दोन रूपे नोंदली गेली, तरी हाच परिणाम होतो. प्रश्नात तारीखच नसेल, तर चॅटबॉटने ती अंदाजाने न धरता विचारून घ्यावी. उत्तरासोबत शासन निर्णयाचा क्रमांक आणि अंमलाची तारीख दाखवली, तर वाचणाऱ्याला चूक स्वतः ओळखता येते.

४.७ आपली प्रगती तपासा
१. हाच प्रश्न मे २०२४ च्या वेतनाविषयी विचारल्यास कोणता शासन निर्णय लागू होईल? दोन्ही तारखांच्या आधारे कारण द्या.
२. ५० टक्क्यांच्या नोंदीत ‘अंमल समाप्त’ भरलेले नाही. ऑक्टोबर २०२४ विषयीच्या प्रश्नावर काय घडेल?